सीजीपीए अजून किती वर जाऊ शकतो?

चौथ्या सत्राचा निकाल हातात आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या महाविद्यालयांच्या आवारात एकच प्रश्न फिरत असतो: “आता पॉइंटर कुठपर्यंत जाईल?” कुणी म्हणतं, शेवटच्या वर्षी जोर लावला की आठ सहज होतील. कुणी म्हणतं, दोन वर्षं गेली, आता काही होत नाही. हा अंदाजाचा विषयच नाही. किती क्रेडिट झाले आणि त्यांची सरासरी काय, एवढं माहीत असेल तर जास्तीत जास्त सीजीपीए किती होईल याचं एकच उत्तर निघतं. तेच उत्तर कसं काढायचं आणि त्यावर कितपत विसंबायचं, ते या लेखात पाहू.

त्यासाठी आधी एकूण क्रेडिट किती ते पक्कं करायला हवं. मुंबई विद्यापीठात नव्या शैक्षणिक धोरणाचा पदवी अभ्यासक्रम संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाला. कल्याणचं बिर्ला, ठाण्याची जोशी-बेडेकर आणि बांदोडकर अशी स्वायत्त महाविद्यालयंही आहेत आणि राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत धोरणाची सुरुवात त्याआधी एक वर्ष झाली. या अभ्यासक्रमात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला साधारणपणे एका सत्राचे २२ क्रेडिट असतात. म्हणजे तीन वर्षांचे १३२ आणि चौथं वर्ष केलं तर १७६. त्याआधीच्या पद्धतीत सत्राला २० आणि पदवीला १२० होते. मोठा भाऊ जुन्या पद्धतीत शिकला असेल तर त्याचं गणित जसंच्या तसं उचलू नका. त्याच्या वेळी ८० टक्क्यांना ओ मिळून दहा गुणांक पडत होते. नव्या तक्त्यात ओ ९० पासून सुरू होतो. ८० ते ९० ला ए प्लस म्हणजे ९, सत्तरीत ए म्हणजे ८, साठीत बी प्लस म्हणजे ७, ५५ ते ६० ला बी म्हणजे ६, ५० ते ५५ ला सी म्हणजे ५ आणि चाळीस ते पन्नासला पी म्हणजे ४. स्वायत्त महाविद्यालयाचा तक्ता थोडा वेगळा असू शकतो, म्हणून आपल्या ग्रेड कार्डावर छापलेला तक्ताच प्रमाण माना.

आता एक उदाहरण धरू. डोंबिवलीची एक विद्यार्थिनी, बी.कॉम., चार सत्रं पूर्ण, सगळे विषय सुटलेले. तिचे एसजीपीए असे: पहिल्या सत्रात ६.२३, दुसऱ्यात ६.४५, तिसऱ्यात ७.६४, चौथ्यात ६.८६. ८८ क्रेडिट झाले, ४४ उरले. चारही सत्रांची मिळून सरासरी ६.८०.

बहुतेक जण इथून सरासरीलाच धरून पुढे जातात. मी सांगेन की ग्रेड कार्डावर ΣC आणि ΣCG असे दोन आकडे असतात, तिकडे बघा. पहिला म्हणजे क्रेडिटांची बेरीज. दुसरा म्हणजे प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले त्याचा गुणांक, यांची बेरीज. या मुलीच्या चार कार्डांवर ΣCG अनुक्रमे १३७, १४२, १६८ आणि १५१ आहे, म्हणजे एकूण ५९८. उरलेल्या ४४ क्रेडिटांत प्रत्येक विषयाला ओ मिळाला तर ४४० गुणांक जमतील. ५९८ आणि ४४० मिळून १०३८. त्याला १३२ ने भागलं की ७.८६. हीच तिची कमाल मर्यादा आहे. तिच्या हातात यापेक्षा जास्त सीजीपीए नाही.

सरासरी ६.८० घेऊन गणित केलं असतं तर ७.८७ आलं असतं. फरक शतांशाचा आहे, पण तो ६.८० हा आकडाच गोल केलेला असल्यामुळे आला. ८८ ला ६.८० ने गुणलं तर ५९८.४ येतात आणि पूर्ण गुणांकांच्या पद्धतीत चार दशांश कुठून येणार? एखादी अट अगदी काठावर असेल तेव्हा हा शतांशच घोटाळा करतो. म्हणून गुणाकार न करता ΣCG ची बेरीज करणं बरं.

आता याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने बघू, कारण खरा उलगडा तिथे होतो. ८८ क्रेडिटांत जास्तीत जास्त ८८० गुणांक मिळू शकत होते. मिळाले ५९८. म्हणजे २८२ गेले. हे गेलेले गुणांक पुढच्या सत्रांत कितीही चांगलं यश मिळालं तरी परत येत नाहीत, कारण पुढच्या विषयाला दहाच्या वर काही मिळत नाही. अंतिम सीजीपीएची मर्यादा म्हणजे १० वजा गेलेले गुणांक भागिले एकूण क्रेडिट. २८२ भागिले १३२ म्हणजे २.१४, तो दहातून गेला की ७.८६ उरतो. उत्तर तेच, पण आता कळतं की ही मर्यादा दर सत्राला खालीच सरकते. पुढच्या सत्रांतून तिला वर जायचा रस्ता नाही.

या मुलीच्या बाबतीत ती कशी सरकली बघा. पहिल्या सत्रात ८३ गुणांक गेले आणि मर्यादा ९.३७ वर आली. दुसऱ्या सत्रात ७८ गेले, ८.७८ झाली. तिसरं सत्र तिचं सर्वांत चांगलं होतं, तरी ५२ गेले आणि मर्यादा ८.३९ वर आली. चौथ्यात ६९ गेले आणि ती ७.८६ झाली. म्हणजे तिसऱ्या सत्राचा निकाल लागला तेव्हा आठचा सीजीपीए कागदावर शक्य होता आणि चौथ्या सत्रात तो हातातून गेला. सरासरी मात्र या काळात ६.२३ वरून ६.८० वर चढत होती. चढती सरासरी पाहून घरात समाधान असतं आणि त्याच वेळी मर्यादा खाली येत असते. पालकांनी हे दोन आकडे वेगळे आहेत हे ध्यानात ठेवावं. निकालाच्या दिवशी एवढं माहीत असेल तर मुलाशी बोलण्याची दिशाच बदलते.

गेलेल्या गुणांकांचा हिशेब ठेवला की प्रत्येक उद्दिष्टाचं एक अंदाजपत्रक तयार होतं. १३२ क्रेडिटांच्या पदवीत आठचा सीजीपीए हवा असेल तर सहा सत्रांत मिळून २६४ गुणांक गमावायची मुभा आहे. साडेसातला ३३०, सातला ३९६. या मुलीचे २८२ गेलेत. आठची मुभा संपून वर १८ झाले. साडेसातसाठी ४८ उरलेत. सातसाठी ११४ उरलेत.

साडेसातचा आकडा मी मुद्दाम घेतला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात संशोधनासह ऑनर्सच्या चौथ्या वर्षासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुणांची अट आहे. नव्या तक्त्यात ७ ते ८ चा एसजीपीए ७० ते ८० टक्क्यांच्या रकान्यात येतो, त्या हिशेबाने ७५ टक्के म्हणजे ७.५. चौथ्या वर्षी संशोधन करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी सहाव्या सत्राअखेरचा हा आकडा सर्वांत महत्त्वाचा.

तर ४४ क्रेडिटांत ४८ गुणांक. म्हणजे क्रेडिटमागे एकापेक्षा थोडंच जास्त. राहिलेल्या प्रत्येक विषयाला तिला ए प्लस मिळाला, म्हणजे सगळीकडे ८० च्या वर, तर ४४ गुणांक जातात आणि हातात फक्त ४ उरतात. त्या चारांत एकाच चार क्रेडिटच्या पेपरला सत्तरीत घसरायची सवलत आहे. सत्राच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही सत्रांत मिळून सरासरी ८.९१ हवी. तिच्या आजवरच्या सर्वांत चांगल्या सत्राचा एसजीपीए ७.६४ आहे. कागदावरची मर्यादा ७.८६ असली तरी साडेसात तिच्यासाठी फार लांब आहे, आणि हे आत्ताच समजणं फायद्याचं आहे. सातसाठी मात्र उरलेल्या सत्रांत ७.४१ पुरे. तिसऱ्या सत्रात तिने यापेक्षा जास्त मिळवलेत, म्हणजे हे तिच्या हातातलं आहे.

म्हणून मी दोन मर्यादा काढायला सांगतो. एक, सगळीकडे दहा धरून. ती नाही म्हणायच्या कामाची. जे उद्दिष्ट तिच्याही वर आहे, ते सोडून द्या. दुसरी, आजवरच्या सर्वोत्तम सत्राइतकंच पुढे मिळेल असं धरून. इथे १६८ दोनदा म्हणजे ३३६, त्यात ५९८ मिळवले की ९३४, भागिले १३२ म्हणजे ७.०८. निर्णय या दोन आकड्यांच्या मध्ये घ्यायचा असतो आणि माझ्या मते तो दुसऱ्याच्या जवळ घ्यावा. अर्ज कुठे करायचा, कुठला कोर्स मनात धरायचा, हे ७.८६ वर ठरवणं धोक्याचं आहे.

मोबाइलवरच्या शीटमध्ये हे एकदा बसवून ठेवा. `B1` मध्ये मिळालेले गुणांक, `B2` मध्ये झालेले क्रेडिट, `B3` मध्ये एकूण क्रेडिट, `B4` मध्ये हवा असलेला सीजीपीए:

```
=(B1+(B3-B2)*10)/B3
=(B4*B3-B1)/(B3-B2)
```

पहिल्या ओळीतून कमाल सीजीपीए येतो. दुसरीतून उरलेल्या सत्रांत किती सरासरी लागेल ते येतं. ते उत्तर दहाच्या वर गेलं तर ते उद्दिष्ट संपलं असं समजा. या मुलीसाठी आठ घातले तर १०.४१ येतात.

हे गणित जिथे बिघडतं ती सर्वांत मोठी जागा म्हणजे केटी. समजा, ठाण्यातल्या एका विद्यार्थ्याचा चौथ्या सत्रातला चार क्रेडिटचा एक पेपर राहिला आहे. त्याच्या सुटलेल्या ८४ क्रेडिटांचे ५७१ गुणांक आहेत, म्हणजे सरासरी साधारण ६.८०. आता हा पेपर झालेल्या बाजूला धरायचा की राहिलेल्या? तो पुन्हा देता येणार आहे, म्हणून राहिलेल्या बाजूला. मग ४८ क्रेडिट उरतात आणि मर्यादा येते १०५१ भागिले १३२, म्हणजे ७.९६. त्याने एफचा शून्य धरून ८८ क्रेडिट पूर्ण झाले असं मानलं तर मर्यादा ७.६६ येते. एका पेपरच्या चुकीच्या रकान्यामुळे तीन दशांशांचा फरक पडला. या चुकीपोटी साडेसातचा विचारच सोडून दिलेली मुलं भेटतात, ही वाईट गोष्ट आहे. आपल्या कार्डावर काय झालंय ते ओळखायची खूण सोपी आहे. चौथ्या सत्राच्या कार्डावर ΣC १८ दिसला तर न सुटलेला पेपर बाहेर ठेवलेला आहे. २२ दिसला आणि ΣCG त्या मानाने खूप कमी असला तर शून्य आत मोजलेलं आहे.

केटीच्या पेपरला नंतर मिळणारा गुणांक जसाच्या तसा धरतात, की काही ठिकाणी त्याला वरची मर्यादा लावतात, हे महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात विचारून घ्या. हे अपील नाही, माहिती विचारणं आहे. विचारताना संकोच नको. पेपर चाळिशीत सुटतो की नव्वदीत, यावर २४ गुणांकांचा म्हणजे अंतिम सीजीपीएवर ०.१८ चा फरक पडतो. केटी निव्वळ काढून टाकायची असते असं मानून तो पेपर चाळिशीवर सोडणारे या ०.१८ ला मुकतात.

दुसरी जागा म्हणजे एसजीपीएंची साधी सरासरी. नव्या पदवी अभ्यासक्रमात सत्रागणिक २२ क्रेडिट असल्यामुळे ती चालून जाते. अभियांत्रिकीत सत्रांचे क्रेडिट सारखे नसतात, तिथे चार आकडे जोडून चाराने भागले की उत्तर चुकतं. तिथेही ΣCG जोडून ΣC ने भागायचं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांनी तर एकूण क्रेडिट आठ सत्रांचे धरू नयेत. पहिल्या वर्षाचे क्रेडिट त्यांच्या सीजीपीएत मोजले जात नसतील तर एकूण म्हणजे फक्त पुढची सहा सत्रं. ज्या क्रेडिटांना गुणांकच नाही, फक्त उत्तीर्ण असा शेरा आहे, तेही वगळा.

तिसरी गोष्ट सत्र चालू असतानाच कामाला येते, आणि तिच्याकडे फार थोडे लक्ष देतात. चार क्रेडिटच्या पेपरला १०० गुण असतात: ४० अंतर्गत आणि ६० लेखी परीक्षेचे. अंतर्गत गुण परीक्षेआधी कळतात. समजा एका मुख्य विषयात अंतर्गत २८ मिळाले. मग लेखी परीक्षेत ६० पैकी ६० पडले तरी एकूण ८८ होतात. ओ आता शक्य नाही, त्या पेपरची मर्यादा ९ आहे. सूत्रात सगळीकडे दहा धरलेले असल्यामुळे ते दिसत नाही, पण मर्यादा त्या घडीला ०.०३ ने खाली गेलेली असते, आणि निकाल अजून लागलेला नसतो. तेव्हा अंतर्गत गुण लागले की प्रत्येक विषयाचा सर्वोच्च शक्य गुणांक लिहून मग बेरीज करा. वरच्या मुलीला पाचव्या सत्रात अशा तीन पेपरांत ओ शक्य नसेल तर तिची कमाल मर्यादा ७.८६ नव्हे, १०२६ भागिले १३२ म्हणजे ७.७७ आहे.

याच्या उलट बाजूने, त्या २८ गुणांवर ए प्लस हवा असेल तर लेखी परीक्षेत ५२ लागतात. ५१ आले तर ७९ होतात आणि गुणांक ८ पडतो. एका गुणामुळे चार क्रेडिटांवर चार गुणांक जातात. ७९ आणि ७१ यांना गुणांक सारखाच, ही या पद्धतीची कठोर बाजू आहे. म्हणून अभ्यासाचा वेळ वाटताना सगळ्या विषयांना सारखा न वाटता, जे विषय पुढच्या पायरीच्या जवळ आहेत त्यांना द्यावा, आणि त्यातही चार क्रेडिटच्यांना आधी. दोन क्रेडिटच्या विषयातली एक पायरी अंतिम आकड्यात फक्त ०.०१५ आहे. पण पदवीत असे अनेक विषय असतात आणि ते मुलं हलके घेतात. सहाव्या सत्रातलं ऑन जॉब ट्रेनिंग साधारणपणे चार क्रेडिटचं असतं. डायरी आणि अहवाल वेळेवर दिला तर तिथे ओ मिळवणं लेखी पेपरपेक्षा सोपं आहे, आणि त्याचं वजन मुख्य पेपराइतकंच आहे.

गेलेले गुणांक परत मिळायचे मार्ग फार थोडे. पुनर्मूल्यांकन हा त्यातला एक. एखाद्या चार क्रेडिटच्या पेपरला ७९ पडले असतील तर छायाप्रत मागवून उत्तरपत्रिका बघणं योग्य आहे. एक गुण वाढला तर ५९८ चे ६०२ होतात आणि मर्यादा ७.८९ होते. पण लक्षात घ्या, आठचा दरवाजा त्याने उघडत नाही. त्यासाठी १८ गुणांक लागले असते, म्हणजे चार क्रेडिटचे असे पाच पेपर काठावर असायला हवे होते. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करण्याआधी हा हिशेब करा, नाहीतर फी भरूनही मोठी गोष्ट बदलत नाही.

पाचव्या सत्राचा निकाल लागला की सगळं पुन्हा मोजा, कारण तेव्हा खरा धक्का बसतो. समजा या मुलीने पाचव्या सत्रात आजवरचं सर्वांत चांगलं यश मिळवलं, एसजीपीए ८. आनंदाची बातमी. पण गुणांक झाले ७७४ आणि गेलेले झाले ३२६. साडेसातच्या मुभेतले फक्त ४ उरले. सहाव्या सत्रात २२ क्रेडिटांत २१६ गुणांक, म्हणजे ९.८२ चा एसजीपीए हवा. चार क्रेडिटच्या एकाच पेपरला ए प्लस चालेल, बाकी सगळीकडे ओ. कमाल मर्यादा ७.५३, म्हणजे कागदावर दरवाजा अजून उघडा आहे, प्रत्यक्षात मात्र जवळपास बंद.

त्या वेळी एक प्रश्न येतो: मग चौथं वर्ष सोडून द्यायचं का? नाही. संशोधनाचा मार्ग बंद झाला तरी संशोधनाशिवायचं ऑनर्सचं चौथं वर्ष वेगळं आहे, आणि तिथे एकूण क्रेडिट १७६ होतात. सहाव्या सत्रात तिने पुन्हा ८ मिळवले असं धरू. १३२ क्रेडिटांचे ९५० गुणांक, सीजीपीए ७.२०. पुढचे ४४ क्रेडिट तिने ८.५ ने केले तर ३७४ मिळतात आणि १३२४ भागिले १७६ म्हणजे ७.५२ होतो. साडेसात पार झाले, पण आठव्या सत्राअखेर. सहाव्या सत्राअखेरची अट याने भागत नाही. म्हणून फॉर्म भरताना आधी विचारायचं: ही अट १३२ क्रेडिटांवरची आहे की १७६ वरची? एकूणचा आकडा ठरला की वरचीच दोन सूत्रं वापरायची.